भट्टीतच निवलेले शाफ्ट

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माढ्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचं. माझ्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. धातुशास्त्र नावाचा विषय असतो हेही मला त्यांनीच सांगितलं, आणि प्रवेशाच्या दिवशी पुण्याला सोबत आले तेही तेच. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांचं वाक्य वर्गात आम्हाला कंटाळवाणं वाटायचं.

पदवी घेऊन मी सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलो. तो काळ सत्तरच्या दशकातला. आम्ही साखर कारखान्यांसाठी, ऊस गाळपाकडे वाहून नेणाऱ्या कॅरिअरचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, करायचो. निकेल-क्रोमचं पोलाद लाल तापवून तेलात बुडवलं की त्याचं मार्टेन्साइट होतं; फार कडक, पण काचेसारखं तडकणारं. म्हणून ते पुन्हा बेताचं तापवायचं. जितकं जास्त तापवाल तितका कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. दोन्ही पुरेपूर एकदम मिळत नाहीत.

पहिले शाफ्ट कमी तापवले होते, ते मोडले. मालकांनी मऊ करायला सांगितलं. आम्ही सहाशे अंशांच्या पुढे गेलो, कडकपणा हवा तितका उतरला, आणि चाचणीतच त्यांतला एक मोडला. गळीत हंगाम तोंडावर आला होता. मालक घरी कानडी आणि कारखान्यात मराठी बोलत. त्या दिवशी दोन्ही भाषांत बोलले.

"अजून किती मऊ करायचं, इंजिनेर? लोण्याचे करू का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही खेप मोडली तर तुम्ही कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात काम बघा."

मोडलेल्या तोंडावर दाणे साखरेसारखे चमकत होते. ते पाहून मी भट्टीकडे गेलो. तिथली रीत अशी की तापवणं संपलं की भट्टी बंद करायची आणि दार न उघडता शाफ्ट सकाळपर्यंत आतच निवू द्यायचे. म्हणजे ते वाकत नाहीत आणि सरळ करायची कटकट वाचते. पण हे पोलाद साडेपाचशे ते चारशेच्या टप्प्यातून सावकाश उतरलं तर ठिसूळ होतं. कडकपणाचा आकडा जसाच्या तसा राहतो, म्हणून कडकपणा मोजणाऱ्या यंत्राला पत्ता लागत नाही. उपाय सोपा होता: पुन्हा सहाशेच्या वर नेऊन तिथून लगेच तेलात.

सोपा फक्त मला. भट्टीचे मिस्त्री कुंभारीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना मामा म्हणायचो.

"सायेब, तेलात घातलं की पुन्यांदा कडक व्हनार की. मग तापवलं कशापायी?"

लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय तेलाने कडकपणा येत नाही, हे मी त्यांना तीन परींनी सांगितलं. ते मान हलवायचे आणि दार बंद करायचे. मालकांनी कडकपणाचा कागद पुढे केला: आकडा बरोबर आहे, मग तक्रार कसली? मी पुस्तक उघडलं, त्यांनी चहा मागवला. मला अक्षरशः डोकं आपटावंसं वाटलं.

शेवटी गुरुजींचं वाक्य आठवलं. एकाच सळईचे दोन तुकडे घेतले. दोन्ही एकत्र तेलात कडक केले, एकत्र सहाशेच्या वर तापवले. एक तेलात टाकला, दुसरा भट्टीतच निवू दिला. दोघांचा कडकपणा मालकांसमोर मोजला, सारखाच. मग दोघांना करवतीची खाच पाडून शिकंज्यात धरलं आणि मिस्त्रींच्या हाती घण दिला.

भट्टीतला पहिल्याच घावाला तुटून भिंतीवर आदळला. तेलातला वाकला. मिस्त्रींनी आणखी मारलं. तो अजून वाकला.

मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "ह्यो मरतच न्हाय की."

मालकांनी तुटलेलं तोंड उन्हात धरलं. साखर कारखान्यांत रोजची ऊठबस, दाणा त्यांना ओळखू येत होता. राहिलेले सगळे शाफ्ट पुन्हा भट्टीत गेले आणि तेलात निवले. काही वाकले, ते सरळ करताना मिस्त्रींनी माझा उद्धार केला. हंगाम सुरू झाला आणि महिना गेला तरी एकही मोडला नाही. तेव्हा गुरुजींना लिहिलं:

"ती. गुरुजींस सा. न.

शाफ्ट टिकले, नोकरीही टिकली. तुमची एकच गोष्ट बदलण्याची शिस्त कामी आली; ती नसती तर मी अजून पुस्तक दाखवत बसलो असतो. पण सुख नाही. मालक आता पाहुण्यांना सांगतात की तेलाची कल्पना त्यांचीच. त्याचं काही नाही. पण त्यांनी हुकूम काढलाय की यापुढे भट्टीतून निघेल ते तेलातच जाईल. साध्या पोलादाच्या छिन्न्यांना त्याची गरज नाही, हे मी रोज सांगतो. मिस्त्री म्हणतात, 'सायेब, तुमीच शिकवलं की.' काल त्यांनी चहाची किटली गरम झाली म्हणून मला विचारलं, हिला बुडवू का.

दिवाळीला माढ्यास येतो. तेव्हा एवढंच सांगा, की तुम्ही आमच्या वर्गात इतकी वर्षं न रागावता कसे राहिलात?

आपला आज्ञाधारक विद्यार्थी"