इद्रिसचाचांनी रिकामी ओळ बंद केली

शहाद्यात अरबीचं काम म्हटलं की इद्रिसचाचा पिंजारी. दुबई-कुवेतला जाणाऱ्या पोरांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, सगळे ह्यांच्याच हातून अरबी होऊन जातात. मदरशात शिकले, अरबी पक्कं आहे, आणि घमेंड त्याहून पक्की. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी शिक्क्याचं पॅड उघडतात.

यामिनी माझ्या वर्गातली, मणिबेलीची. तिचं गाव धरणात गेलं. त्यावरची तिची कविता लोणखेड्याच्या कॉलेजात पोस्टरवर होती. त्या पोस्टरचा फोटो शारजाच्या प्रदर्शनात लागणार, खाली अरबी हवं. आजच पाठवायचं होतं. कविता एवढीच:

मोहाची फुलं वेचली
टोपली भरली
घराकडे वळले

पाणी.

चाचांनी तासाभरात कागद दिला. एकच परिच्छेद. आणि रिकाम्या ओळीच्या जागी काय, तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ.

"ही रेघ काय आहे चाचा?" यामिनीने विचारलं.

"रिकामी जागा बंद करावी लागते बेटा. उद्या कोणी मधी काही घुसवलं तर?"

"चाचा, हाई कविता शे, दाखला नही," मी म्हटलं.

"दाखला नाही म्हणून काय मोकाट सोडू? फोटोत एक ओळ उडालीय, मी सांभाळून घेतलं."

"उडालेली नाही. तिथे माझं गाव होतं," यामिनी म्हणाली. मग तिने पूर्ण वाचून दाखवायला सांगितलं. अर्थ असा निघाला की सदर महिला खजुराची फुलं घेऊन घरी परतली असता तिथे जलाशयाचं पाणी आढळलं. मी हसले. यामिनीचे डोळे भरले.

"आमच्याकडे खजूर कुठंय?"

"तिकडच्या अरबांना मोह काय कळणार?"

"वेचून टोपलीत भरतात, एवढं कळलं तरी बस. मोहच लिहा. आणि ओळी तोडा, जिथे मी तोडल्यात तिथेच."

चाचा फुगले. पण पेन उचललं, पुटपुटायला लागले. "जमअतु... मलअतु... रजअतु." वेचली, भरली, वळले. अरबीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिचा ओळीच्या शेवटी पडणारा ठेका ओळीच्या सुरुवातीला येऊन बसला. चाचांची बोटं टेबलावर वाजायला लागली. खाली एकटाच शब्द: अल-माअ. पाणी.

मधली ओळ मात्र त्यांच्याने रिकामी सोडवेना. पेन तिथेच घुटमळायचं. यामिनीने सरळ त्या जागेवर हात ठेवला.

"मग शिक्का नाही मारणार. असल्या कागदावर जन्मात मारला नाही."

"नका मारू."

हे त्यांना फारच लागलं. पॅड बंद केलं, तेही आवाज करून.

कागदाचा फोटो शारजाला गेला. संध्याकाळी तिकडून मेसेज आला, मधली ओळ राहिली का, जागा कमी करू का. यामिनीने परत जाऊन फोन चाचांपुढे धरला. चाचांनी अरबीत एवढा लांब व्हॉइस मेसेज ठोकला की समोरचा दाखलाच मागायला आलाय असं वाटावं.

"काय बोलले?" यामिनीने विचारलं.

"म्हटलं, ती ओळ लिहिलेली आहे. हात लावू नका."

आणि मला म्हणाले, "तुम्हा पोरींना कविता समजत नाही."