सूनबाईचं पार्सल

दर महिन्याच्या सुरुवातीला शेवगावच्या आमच्या घरी खोकं यायचं. कपड्यांची पावडर, चहा आणि ओट्स. आई विळीच्या टोकानं चिकटपट्टी कापायची, खोकं फाटू द्यायची नाही, आणि मग ते मुद्दाम दारासमोरच्या ओट्यावर ठेवायची. शेजारच्या काकू दुपारी यायच्या तोवर ते तिथेच असायचं.

"सूनबाईचं हाय व्हय?"

"मग! पुण्यात बसून ध्यान हाय तिला. सासू काय वापरती, काय संपलं."

मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत असायचे. घरातली डाळ, तेल, आईच्या गोळ्या, मिक्सरची दुरुस्ती, सगळं मी बघायचे. आठवडी बाजारातून पिशव्या उचलून आणायचे. पण माझ्या पिशव्या कधी ओट्यावर मांडल्या गेल्या नाहीत. त्या थेट आत जायच्या.

वहिनीचं ध्यान म्हणजे काय होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आई तिच्या पावडरीच्या वासाला चांगलं म्हणाली. वहिनीनं तिथेच बसून शॉपिंग साइटवर तीन वस्तू निवडल्या, आमचा पत्ता घातला आणि "दर महिन्याला पाठवा" असं करून ठेवलं. त्यात थोडी सूटही मिळायची. त्यानंतर तिला काही करावं लागत नव्हतं. तारीख आली की साइट स्वतःच ऑर्डर टाकायची. म्हणजे आईची आठवण एक यंत्र काढत होतं आणि कौतुक वहिनीचं होत होतं.

हे मी आईला सांगू शकले असते. जिभेवर यायचंही. पण सांगताना माझा आवाज कसा लागेल, ते मला आधीच ऐकू यायचं.

अडचण अशी होती, की आई ती पावडर वापरायचीच नाही. रोजचे कपडे दगडावर, वडीच्या साबणानं. "सुनेनं पाठवलेली चांगल्या कपड्यांना," म्हणायची, आणि चांगले कपडे निघायचे लग्नसराईत. ओट्स तर कुणीच खात नव्हतं. माळा भरला, मग पलंगाखालची जागा भरली. पावडरीचे गठ्ठे दगडासारखे झाले. आणि खोकं आलं की परत काही पाठवल्याशिवाय आईला चैन पडायचं नाही. बाजरी दळून आणायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि पुण्याला भाजी नेणाऱ्या ओळखीच्या टेम्पोत पिशवी ठेवायची. दळायला आणि टेम्पोपर्यंत पोहोचवायला अर्थात मी.

शेवटी आईच वैतागली. पण सुनेला "नको" कसं म्हणायचं? तिनं तिच्या परीनं उपाय काढला. पुढचं खोकं आल्यावर ते आणणाऱ्या पोराला दारातूनच सांगितलं, "घरात कुणी न्हाई, घेऊन जावा माघारी." स्वतः दारात उभी राहून.

संध्याकाळी वहिनीचा घाबरलेला फोन आला. पार्सल घेतलं नाही, असा तिला मेसेज गेला होता. "आई, बऱ्या आहात ना? दवाखान्यात वगैरे नाही ना?" आई लाजून लाल झाली. म्हणाली, "न्हाई गं, मी शेतात गेल्ते." आणि पुढच्या महिन्यात खोकं पुन्हा हजर. माघारी पाठवलं म्हणून ते नेहमीचं पाठवणं थोडंच थांबतं?

"तू सांग तिला," आई मला म्हणाली. "इंग्रजी शाळेत घातलं तुला. गोड बोलून बंद करून टाक. माझं नाव घेऊ नको."

बंद करायचं तर वहिनीच्याच खात्यातून करायला हवं होतं. महिनाअखेरीला ती आणि दादा आले, तेव्हा मी तिला आतल्या खोलीत गाठलं. कसंबसं म्हटलं, "वहिनी, ते पार्सल... जरा जास्त होतंय."

ती एकदम हसली. "अगं, सुटले! मला वाटायचं, बंद केलं तर आईंना वाईट वाटेल."

तिनं मोबाईल माझ्याच हातात दिला. तीन वस्तू, तिन्हींचं वेगवेगळं बंद करायचं. आधी एक मोठं बटण दिसायचं, फक्त हा महिना वगळा. खरं बंद करायचं त्याच्या खाली, बारीक अक्षरात. मग कारण विचारायचे. मी "गरजेपेक्षा जास्त साठा" निवडलं, तिन्ही वेळा.

"आणि ती बाजरी," वहिनी हळूच म्हणाली, "मला भाकरी येत नाही गं. शेजारी देते सगळी. सांगू नकोस हं." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझं बरं आहे. आई तुझ्यावर ओरडतात तरी. माझ्याशी पाहुण्यासारखंच बोलतात."

मी मोबाईल तिला परत दिला. कुणाला माझा हेवा वाटू शकतो, हे मला खरं वाटेना. आणि खरं सांगायचं तर, ओरडा तिनं घ्यावा आणि ओट्यावरची जागा मला द्यावी, असा सौदा मी तिथल्या तिथे केला असता.

ती गेली, आणि चारच दिवसांनी दारात खोकं.

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बघ! तू बंद केलंस, तरी तिचं मन राहिना. पाठवलंच."

"आई, ही ऑर्डर आधीच टाकलेली होती. आपण पुढची बंद केली. निघालेली ऑर्डर त्यानं थांबत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते, माझ्या लक्षात आलं नाही."

"असू दे गं. तुला प्रत्येकात काहीतरी दिसतं."

मग तिनं फोन लावला, स्पीकरवर. "कशाला गं पाठवलंस?"

"नाही हो आई, मी नाही पाठवलं. ते आधीच निघालं होतं. आपोआप येतं ते."

आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. डोळे भरून आले होते. "किती सरळ मनाची हाय बघ. दुसरी असती, तर म्हणाली असती, व्हय, मीच पाठवलं."

मी उठून पाणी प्यायले. तेच वाक्य, तोच अर्थ. माझ्या तोंडून आलं तेव्हा ते खोट काढणं होतं, तिच्या तोंडून आलं तेव्हा सरळपणा.

पुढच्या महिन्यात खोकं आलं नाही. काकू दुपारी आल्या, रिकाम्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "ह्या खेपेला न्हाई आलं सूनबाईचं?"

"बंद केलं," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं केलं."

इतक्या वर्षांत आईनं माझ्या नावावर बाहेरच्या माणसासमोर सांगितलेलं हे पहिलंच काम. काकूंनी माझ्याकडे अगदी नणंदेकडे बघतात तसं बघितलं.

"का गं? भांडलात का काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात आई आत गेली आणि तिनं तिथून हाक मारली, बाजरी दळून झाली का, टेम्पो सहाला निघतो. खोकं नाही तर नाही, पिशवी जाणारच होती. मी गिरणीचा डबा उचलला. काकू अजून माझ्याकडेच बघत होत्या, आणि मला राग यायला हवा होता, पण त्या फारशा चुकल्या नव्हत्या.