राजासाहेबांचे सोळा महिने

मंठ्याच्या वामनरावांना पोटदुखी तशी नव्हती. फक्त दुसऱ्याचं भलं झालं की तेवढं दुखायचं. तहसिलीच्या रेकॉर्डखान्यात तीस वर्षं काढलेली, निजामी अमलातले उर्दू कागद घडाघडा वाचणारा तालुक्यातला शेवटचा माणूस, आणि पेपरात फोटो कोणाचा? जालन्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अवधूतचा! कालपर्यंत 'काका, एवढं वाचून द्या' म्हणत ओट्यावर बसणारा पोरगा. त्याला मिळालेल्या शालींचा हिशेब वामनरावांना तोंडपाठ होता.

यंदा वाचनालयाला शंभर वर्षं झाली. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं, ते राजा उद्धवराज हैदराबाद संस्थानात मंत्री होते. तिकडच्या भाषेत सदर-उल-महाम. त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा, महिन्यासकट, काळ्या दगडात कोरायच्या ठरल्या. वामनरावांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्मरणिकेत लिहूनच ठेवलं होतं: जुलै १९२१ ते मे १९२८, सलग. अवधूतनं पेपरात लिहिलं की कारकीर्द एक नाही, दोन. त्या काळच्या एका इंग्रजी साप्ताहिकात त्याला दोन बातम्या सापडल्या होत्या. ऑक्टोबर १९२४ मध्ये राजासाहेब मुंबईला गेले, कामाचा चार्ज दुसऱ्यानं घेतला. एप्रिल १९२६ मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक झाली.

वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत वामनराव उभे राहिले. "बायको चार महिने माहेरी गेली, शेजारणीनं भाकरी थापून दिल्या, म्हणजे शेजारीण बायको झाली का, सर?"

सगळे हसले. अवधूतही हसला, ते जास्त झोंबलं. तो म्हणाला, "काका, सरकारी जरीदा बघावा लागंल. तो उर्दूत आहे. तुम्हीच चला की."

जरीदा म्हणजे संस्थानचं राजपत्र. नेमणूक, रजा, राजीनामा, सारं त्यात छापून यायचं. वामनराव म्हणाले, जाईन, पण एकटा. घरी ताराबाईंना त्यांनी सांगितलं की त्या पोराच्या तारखा एकदाच्या गाडून येतो. बाईंनी डब्यात दशम्या भरल्या आणि विचारलं, तुमच्याच गाडल्या गेल्या तर?

हैदराबादच्या अभिलेखागारात सुमित नावाच्या कर्मचाऱ्यानं १३३४ फसलीचा बांधीव खंड आणून ठेवला. फसली, म्हणजे निजामी महसुली सन, तिकडं ऑक्टोबरात, आजुर महिन्यात बदलायचा. वामनरावांनी बोटांवर हिशेब केला. इसवी सन काढायला वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्यांना पाचशे एक्क्याण्णव. आजुरचं पान निघालं आणि त्यांचा चेहरा फुलला. राजासाहेबांना दोन महिन्यांची रुखसत, म्हणजे रजा, आणि त्यांच्या जागी अमुक साहेब मुंसरिम. म्हणजे फक्त बदली काम पाहणारा. खुर्ची राजासाहेबांचीच! अवधूत चार्ज घेतल्याच्या बातमीला फसला होता. वामनरावांनी पान नकलून घेतलं, फोटो काढला, मनातल्या मनात अवधूतच्या खांद्यावरची एक शाल उतरवली.

तिथंच उठले असते तर प्रश्न मिटला होता. पण रेकॉर्डखान्याची खोड. फाईल उघडली की शेवटचं पान बघितल्याशिवाय बांधायची नाही. पुढं बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबर १९२४ मध्ये, लिहिलेलं सापडलं: राजा उद्धवराज यांचा इस्तिफा, म्हणजे राजीनामा, मंजूर, मुंसरिम साहेब आजपासून मुस्तकिल. कायम. मग १३३५ च्या खुर्दादात, एप्रिल १९२६ मध्ये, राजासाहेबांची नवी नेमणूक. मधले सोळा महिने राजासाहेब कोणी नव्हते. वामनरावांनी स्मरणिकेसाठी पहिली आणि शेवटची नोंद पाहिली होती. मधलं सलग असणारच, असं धरून चालले होते.

सुमितनं विचारलं, या पानांची नक्कल पाहिजे का? वामनरावांनी खंड अर्धा मिटला, पुन्हा उघडला. हे पान वाचणारं मंठ्यात दुसरं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना अगदी बराबर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घरी ताराबाईंनी चष्मा पुसत विचारलं, काय झालं? वामनरावांनी तिन्ही पानं पुढं ठेवली. अर्थ कळल्यावर बाई म्हणाल्या, "मंग शेजारीण बायको झालीच म्हणा की."

"पण दोन महिन्यांनी झाली," वामनराव म्हणाले. "त्या दीडशहाण्यानं तर चूल पेटल्याबरोबर लग्न लावून टाकलं."

संध्याकाळी त्यांनी पानं अवधूतसमोर आपटली. कारकिर्दी दोन, हे मान्य. पण पहिली ऑक्टोबरात संपत नाही. रजेतला माणूस पदावरच असतो. अवधूतनं वाकून पानं पाहिली, एक अक्षर कळलं न्हाई, तरी कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्यानं हळूच पेन काढून स्वतःच्या लेखातला ऑक्टोबर खोडला.

"काका, तुम्ही फक्त पहिलं पान दाखवलं असतं तर मी हरलोच होतो."

"माहिती आहे," वामनराव गुरगुरले. "म्हणून तर जीव जळून राह्यलाय."

दगड बसला, शाल अवधूतला मिळाली. लेखाच्या तळाशी 'जरीद्याचं वाचन : वामनराव' असं बारीक टायपात आलं, आणि ते अक्षर मुद्दाम बारीक घेतलं, अशी वामनरावांची पक्की खात्री आहे. आता वाचनालयात कोणी नवखा आला की ते त्याला हाताला धरून दगडापाशी नेतात. जुलै, एप्रिल, मे यांवरून बोट सरळ पुढं जातं. एका शब्दावर थांबतं, आणि ते म्हणतात, "बाकीचं कोणाचं का असेना. हा डिसेंबर आमचा."