दोन पानांचा अहवाल आणि एकोणीस प्रश्न

नातवंडांनो, तुमच्या मामाने मला फसवले, ही गोष्ट तुम्हाला त्याच्याकडून अर्धवट कळली असेल. म्हणून सगळी क्रमाने लिहिते.

त्या हिवाळ्यात माझा खोकला तीन आठवडे हटला नाही. छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितले. स्कॅनचा रिपोर्ट आणायला मामा गेला आणि संध्याकाळी पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, काही विशेष नाही. डॉक्टर बघतील. तू कशाला वाचतेस?"

आता, मला ही सूचना करणे म्हणजे पोस्टमनला पत्ता वाचू नको म्हणण्यासारखे होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी अजिंठ्याकडचे सगळे नातेवाईक दवाखान्याचे कागद घेऊन यायचे, ते माझ्यासाठीच. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. म्हणजे, सांगण्यासारखे असेल तेवढेच सांगायचे. कागदावर गाठ असली की मी सूज सांगे. सूज असली तर उष्णता. तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पोटाची सोनोग्राफी झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "व्हय गं, लई वाईट हाय का?" मी म्हणाले, "नाही हो, थोडी सूज आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग सूज म्हणून सांग सगळ्यांना." घरात माझ्या या कौशल्याचे कौतुक होते. शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेला तुमचा मामा ते शिकत होता, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

रिपोर्ट वाचला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात आठ मिलिमीटरचा नोड्यूल, थोडा चुन्यासारखा कडक झालेला. शेजारी ओरखड्यासारख्या रेघा. मध्यभागी एक-दोन लिम्फ नोड्स, तेही कडक. शब्दकोश काढून बसले. शब्दकोशाने प्रत्येक शब्दाचा अर्थ दिला आणि एकाही शब्दाने धीर दिला नाही.

मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले दिसले: दोनपैकी पहिले पान. पाकीट उलटे करून झटकले. दुसरे पान नव्हते. रिपोर्टमध्ये तपशील आधी येतो आणि निष्कर्ष शेवटी, हे मी इतरांचे कागद वाचून शिकले होते. म्हणजे निष्कर्षच गायब होता.

मला राग यायला हवा होता. पण आधी काय आले सांगू? व्यावसायिक आदर. काम सफाईने झाले होते. टाचणीचे भोकसुद्धा फाटले नव्हते.

भीती रात्री आली. काही वाईट निघाले तर ते मला कळणार नव्हते. माझ्याभोवती सगळे हळू बोलणार, मला आवडते म्हणून मेथीची भाजी वारंवार होणार, आणि मी शेवटपर्यंत सूज घेऊन बसणार. मला मरण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती.

सकाळी फुलस्केप कागद घेतला, समास आखला आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. नोड्यूल म्हणजे गाठ का, आणि गाठ म्हणजे तीच का? आठ मिलिमीटर मोठे की लहान? तुकडा काढून तपासावा लागेल का, आणि नाही तपासला तर? किती दिवस हातात आहेत, हा प्रश्न सातवा टाकला. पहिला टाकणे बरे दिसले नसते. असे एकोणीस झाले.

मामीने यादी पाहिली. "आई, डॉक्टरांची वेळ दहा मिनिटांची असते. यात तर पोटप्रश्नही आहेत."

"मग पहिला कोणता ठेवू?"

"ज्याचं उत्तर ऐकल्याशिवाय तुम्ही खुर्चीवरून उठणार नाही तो."

मी सगळी यादी नव्याने लिहिली आणि पहिल्या व एकोणिसाव्या प्रश्नाची अदलाबदल केली. मामाला दाखवली नाही.

दवाखान्यात मी जुन्या कागदांची पूर्ण फाईल नेली. मामा आणि मी आत गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पान पाहिले, उलटून पाहिले आणि मामाकडे पाहिले. मामाने पंख्याकडे पाहिले.

"काकू," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

"बसते. पण माझा पहिला प्रश्न घ्या. या रिपोर्टचं दुसरं पान कुठे आहे?"

मग मामाने शर्टाच्या खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढला. आधी केलेली सफाई तिथे पार धुळीला मिळाली.

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"मला वाचून दाखव. तुझं इंग्रजी माझ्याइतकं नाही, पण चालेल."

तो वाचू लागला. पहिले वाक्य असे होते की ही बहुधा जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाची खूण असावी. दुसरे असे की तरीही कॅन्सरची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. जुन्या तपासण्यांशी तुलना करावी.

"पहिलं वाक्य वाचलं होतंस का?" मी विचारले.

"दुसरं आधी दिसलं," तो म्हणाला. त्याची चार दिवसांची दाढी वाढली होती, ती मला तेव्हा दिसली. माझ्यापासून त्याने लपवले होते ते त्या रिपोर्टमधले सगळ्यात धीराचे वाक्य, आणि स्वतःलाही ते वाचू दिले नव्हते.

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "रेडिओलॉजिस्ट फक्त चित्र बघतो, माणूस नाही. त्यामुळे तो शक्यता मोकळ्या ठेवतो. तुम्ही कधी विडी-सिगारेट?"

"मी? नाही."

"घरात कुणाला टीबी होता?"

"थोरल्या बहिणीला. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो."

"छातीचा जुना एक्स-रे आहे?"

हा प्रश्न माझ्या एकोणिसांत नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला, नऊ वर्षांपूर्वीचा एक्स-रे मात्र फाईलमध्ये होता. डॉक्टरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि बराच वेळ पाहिला. मी सातव्या प्रश्नावर बोट ठेवून बसले होते.

"हा बघा. हा ठिपका तेव्हाही इथंच आहे."

"म्हणजे ते नाही?"

"ते असतं, तर हा चुना धरलेला ठिपका नऊ वर्षं असा शांत बसला नसता. पण एक्स-रेवर माप नेमकं कळत नाही, म्हणून सहा महिन्यांनी एकदा पुन्हा स्कॅन करू. वाढला नसेल तर विषय संपला. वाढला असेल तर सुईने तुकडा घेऊन तपासू. आणि खोकल्याचं कारण हे दिसत नाही, त्याचं औषध वेगळं देतो."

मी यादीवर रेघा मारत गेले. अकरा प्रश्न आपोआप सुटले. चार मला आता नकोसे झाले. सातव्यावर रेघ मारताना पेन थोडे अडखळले.

"वाढला असेल तर कुणाला सांगाल?" मी विचारले.

"तुम्हाला."

"आणि याला?"

"ते तुम्ही ठरवा," डॉक्टर हसून म्हणाले. मामा हसला नाही.

दाराबाहेर आल्यावर मी त्याला सांगितले, "सहा महिन्यांनी रिपोर्ट आणायला मी जाणार."

"मी सोडतो तुला."

"एकटी. रिक्षाने."

तो जिन्याचा कठडा धरून दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "आई, तू वाचशील तेव्हा मला फोन करशील ना? दोन्ही पानं वाचून?"

मी म्हणाले, करेन.