पालकाचा रस आणि सावित्रीबाईंचं विरजण

नारायणगुड्याच्या त्या गल्लीत सावित्रीबाईंना सगळे ओळखत, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांशी त्यांचं बोलणं बंद असे. नळावरून, कचऱ्यावरून, कुणाच्या तरी मुलाच्या लग्नात मिळालेल्या साडीच्या रंगावरूनसुद्धा. माहेर भालकीकडचं, शेतकऱ्याचं. बाप जमीनदाराला उलट बोलणारा, आणि मुलगी बापावर गेलेली. लग्न होऊन हैदराबादला आल्या तेव्हा आईनं बरोबर एक छोटा दगडी सट दिला होता, त्यात विरजण. ते विरजण सावित्रीबाईंनी कधी मरू दिलं नाही. बाळंतपणं झाली, सासू गेली, संचारबंदीत दूध मिळेना तेव्हा पावडरीचं दूध लावलं, पण रोज रात्री चमचाभर दही काढून ठेवल्याशिवाय त्या झोपल्या नाहीत. घट्ट, गोडसर दही लागे. स्वतःबद्दल त्या एवढ्या एकाच गोष्टीची बढाई मारत.

बाकी संसाराबद्दल बढाई मारण्यासारखं काही नव्हतं. नवरा एकनाथराव सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब खात्यात होता. माणूस वाईट नव्हता, फक्त आपलं कधी चुकतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान तो लाल पेन्सिलीनं वाचायचा, अर्ध्यापर्यंत. उरलेलं अर्धं बायकोला समजावून सांगण्यात जायचं.

त्याला पहिला खडा झाला तेव्हा तो मूत्रनळीत अडकून बसला. कंबरेत कळा, घाम, ओकाऱ्या, आणि तरी एकनाथराव म्हणे, "वायू आहे, उतरेल." कळ थांबली तेव्हा त्याला वाटलं आपण जिंकलो. खरं तर आतल्या आत मूत्रपिंड तुंबत होतं. दवाखान्यात नेलं तोवर उजवं मूत्रपिंड सुरकुतून कामातून गेलेलं. डॉक्टरांनी खडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: कॅल्शियम ऑक्झलेट.

एकनाथरावानं तो शब्दसुद्धा अर्ध्यापर्यंतच वाचला.

"कॅल्शियम," तो म्हणाला. "म्हणजे दूध. म्हणजे दही. म्हणजे तुझं ते ताक. लग्न झाल्यापासून तू मला वाटीवाटीनं दगड पाजायलीस, सावित्री."

त्या काळी डॉक्टरही दूध कमी करा म्हणत, त्यामुळे एकनाथरावाला जोर चढला. कमी नाही, बंद. त्याच्यापुरतं नाही, घरातच नको. समोर दिसलं तर मोह होतो. गवळ्याला दारातूनच परत पाठवलं. टोमॅटो आणि वांगी गेली, कारण त्यांत बिया, आणि बियांचे खडे होतात असं ऑफिसातला कुणीतरी सांगून गेला होता. लिंबू गेलं, कारण ते ॲसिड. काळा चहा राहिला, रविवारचं मटण राहिलं, आणि पालक राहिला. पालकाला बी नाही, दूध नाही, उलट रक्त वाढतं.

पुढे घरात केबल आली. दिवसभर कुणी ना कुणी पडद्यावर काहीतरी विकत असे. एकनाथरावानं रसाचं यंत्र घेतलं. रोज सकाळी कच्च्या पालकाची जुडी त्यात घालून घर्रघर्र करत हिरवा पेला भरायचा आणि गॅलरीत उभं राहून, गल्लीला दिसेल असा, प्यायचा.

सावित्रीबाईंच्या माहेरी पालक ताकात शिजायचा. डाळीचं पीठ लावून, वर लसणीची फोडणी. का, ते कुणी विचारत नसे. नुसता पालक कुणी खात नसे एवढं खरं. हे त्या नवऱ्याला सांगू शकल्या असत्या. एकदा तोंड उघडलंही होतं, तर तो म्हणाला, "तुझ्या आईला शास्त्र कळत होतं का?" मग त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. आईचं नाव काढलं, आता याला जे हवं तेच द्यायचं. ताक नको? नको. पालक हवा? हा घे. भाजी पालकाची, डाळ पालकाची, पराठा पालकाचा. नवरा सांगेल तसं वागणारी बायको म्हणून शेजारणी त्यांचं कौतुक करू लागल्या आणि त्या कौतुकानं सावित्रीबाईंना आतून गुदगुल्या होत.

विरजणाचा सट मात्र त्या ओतू शकल्या नाहीत. नळावरून जिच्याशी वर्षानुवर्षं वैर, त्या भिंतीपलीकडच्या सुशीलाबाईंना त्यांनी तो देऊन टाकला. देताना म्हणाल्या, "आमच्या घरी आता हे विष झालंय. तुमच्या घरी चालेल." सुशीलाबाईंनी तो ठेवून घेतला आणि तेव्हापासून "माझं दही" म्हणून साऱ्या गल्लीत मिरवलं. सावित्रीबाई ते भिंतीआडून ऐकत आणि दात खात.

पोरं नोकऱ्यांत स्थिरावली, शहरात नव्या गाड्या आल्या, एकनाथराव निवृत्त झाला. आणि दुसरा खडा आला. या खेपेला डावीकडे, म्हणजे ज्या एकावर जगणं चाललं होतं त्यातच. लघवी जवळजवळ बंद. या वेळी वायू म्हणायला त्याला कुणी वेळ दिला नाही. नळी घालून वाट मोकळी केली, नंतर यंत्राच्या लहरींनी खडा फोडला. भुगा पडला. एकनाथराव घरी आला तो वाळलेल्या भाजीसारखा, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. भेटायला येईल त्याला सांगे, "हिच्या हातच्या जेवणानं दोनदा मरता मरता वाचलो."

डॉक्टर पल्लवी म्हणून एक बाई होत्या, पुण्याच्या, मूत्रविकाराच्या. त्यांनी दिवसरात्रीची सगळी लघवी एका डब्यात साठवून आणायला सांगितली. डबा न्हाणीत ठेवला. एकनाथराव तो पाहून म्हणाला, "हे काम माझं नाही." सावित्रीबाई म्हणाल्या, "मग काय माझं आहे? तुमच्या पोटातलं मी काढू?" त्यावर दोघांचं इतकं जुंपलं की सुशीलाबाईंनी त्यांच्याकडचा रेडिओ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

रिपोर्ट आल्यावर दोघं डॉक्टरांसमोर बसले, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून.

"तुमच्या लघवीत कॅल्शियम वाढलेलं नाही," डॉक्टर पल्लवी म्हणाल्या. "वाढलंय ते ऑक्झलेट. खूप. आणि सायट्रेट अगदी तळाला गेलंय. खाता काय?"

एकनाथरावानं छाती काढून पालकाच्या रसाचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. इतर बऱ्याच भाज्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि तुम्ही तो कच्चा पिता, रोज. दूध-दही घेता?"

"थेंबसुद्धा नाही," एकनाथराव म्हणाला. "कॅल्शियमचा खडा ना."

"तिथंच चुकलं. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं. जेवणात ताक-दही असलं तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, आणि जोडी शौचावाटे निघून जाते. अंगात शिरत नाही. तुमच्या पोटात धरायला कॅल्शियमच नाही. मग ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं, मूत्रपिंडात येतं. तिथं त्याला लघवीतलं कॅल्शियम भेटतं. जी गाठ आतड्यात पडायची ती मूत्रपिंडात पडते, आणि तिचाच खडा होतो."

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "तुमचा एकट्याचा दोष नाही. आम्हीही आत्ताआत्तापर्यंत दूध कमी करा म्हणायचो. आता मोठ्या पाहण्या झाल्यात. जेवणातून कॅल्शियम कमी खाणाऱ्यांनाच खडे जास्त होतात असं दिसलंय. लिंबू का सोडलं?"

"ॲसिड असतं त्यात."

"लिंबातलं सायट्रेट लघवीत उतरलं की तेच तुम्हाला वाचवतं. ते तिथल्या कॅल्शियमला आपल्याकडे ओढून ठेवतं, ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. आणि कण झालेच तर त्यांना वाढू देत नाही. मटण फार झालं तरी सायट्रेट घटतं. मी सायट्रेटचं औषध देते. पाणी भरपूर, लिंबू रोज, जेवणात दही-ताक. रस बंद. पालक शक्यतो नकोच." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एकच मूत्रपिंड आहे, काका. हेही पुन्हा तुंबून गेलं तर डायलिसिसवर बसावं लागेल."

सावित्रीबाईंना वाटलं, आता हा म्हणेल, माझं चुकलं. एवढं एकच वाक्य त्यांना हवं होतं. एकनाथरावानं चष्मा पुसला आणि डॉक्टरांना सांगितलं, "घरचं जेवण हीच बघते. दूध-दही हिनंच बंद केलं."

सावित्रीबाई उठल्या आणि बाहेर जाऊन रिक्षात बसल्या. भांडण्याइतकीसुद्धा त्यांना त्याची लायकी वाटली नाही.

घरी आल्यावर एकनाथराव म्हणाला, "दुकानातून दही आणतो."

"या घरात दही लागेल तर माझ्या आईच्या विरजणाचं. ते सुशीलाबाईंकडे आहे. जा, मागा."

"तू जा की."

"मी दूध बंद केलं नव्हतं. ज्यानं केलं त्यानं जावं. आणि का मागायलात ते तिला सांगा, माझ्या कानावर येईल असं सांगा. नाहीतर त्या मूत्रपिंडाचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

एकनाथराव वाटी घेऊन गेला तेव्हा दिवे लागले होते. सुशीलाबाईंनी दार अर्धंच उघडलं. "हौ, विरजण आहे. पण दिवेलागणीनंतर विरजण देत नसतात भाऊसाहेब. आणि तुमच्याकडं तर ते विष म्हणतात ना?" एकनाथराव चुळबुळला, काही न सांगता रिकामी वाटी घेऊन परत आला. सावित्रीबाईंनी त्याला पाणी आणि औषध दिलं, आणि जेवायला कोरडी भाकरी.

सकाळी तो पुन्हा गेला. सावित्रीबाई भिंतीला टेकून लसूण सोलत बसल्या.

"वहिनी," पलीकडून आवाज आला, "विरजण द्या थोडं. दूध मीच बंद केलं होतं. माझ्याच हट्टानं. ताक असतं तर हे झालं नसतं, असं डॉक्टरनी सांगितलं."

सावित्रीबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही सुशीलाबाईंसमोर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सावित्रीला माहीत होतं," एकनाथराव पुढे म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. "पालक ताकात करतात, ती म्हणाली होती एकदा. मी तिच्या आईवरून बोललो. पुन्हा म्हणाली नाही. माझ्याशी गल्लीला ऐकू जाईल इतकं भांडते, वहिनी, सगळ्यावरून भांडते. त्यावरून मात्र एकदासुद्धा भांडली नाही. मी मागेन तेवढा पालक मुकाट वाढत राहिली."

लसणीची पाकळी सावित्रीबाईंच्या हातात तशीच राहिली. यात शास्त्र होतं हे त्यांना कुठे माहीत होतं, असं त्या मनाशी म्हणाल्या. ते खरंही होतं. पण वाढताना होणाऱ्या गुदगुल्या त्यांना आठवल्या, आणि नवऱ्याचा आयुष्यात आला नव्हता इतका राग आला, कारण या वेळी तो बरोबर बोलला होता.

तो वाटी घेऊन आला. त्यांनी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली, दूध कोमट केलं आणि विरजण लावलं. मग लिंबू कापून पेलाभर पाण्यात पिळलं आणि त्याच्यापुढे आदळलं.

"आंबट आहे," एकनाथराव म्हणाला.

"प्या," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.