ट्रंकांच्या दुकानाचा खुलासा

आमच्या लश्कर शहरातून राजधानी भोपाळला गेली तेव्हा इथले सरकारी कारकून रडत होते आणि माझं दुकान भरभरून चाललं होतं. मी पत्र्याच्या ट्रंका विकायचो. बदलीच्या माणसाला ट्रंक लागतेच, आणि तिच्यावर नाव, खातं आणि 'भोपाळ' लिहून लागतं. ते लिहिणारा पेंटर माझ्याच दुकानात, पुढच्या ओट्यावर बसायचा. त्याच्याकडून मी काही घेत नसे. ट्रंक माझी, नाव लिहिण्याचे पैसे त्याचे, असं बरीच वर्षं चाललं होतं.

दुकानाची मालकीण एका सरदार घराण्यातली विधवा. संस्थान गेलं, मग जहागीर गेली, आणि हातात उरली ती बाजारातली दुकानं. त्यामुळे बाईसाहेबांनी वकील गाठून सगळ्या भाडेकऱ्यांसाठी नवा करार छापून घेतला. त्यांचे कारभारी तो घेऊन आले.

"सही करा. सोमवारी परत नेईन."

"वाचल्याशिवाय?"

"वाचून काय करणार? सगळ्यांनी केली."

बाईसाहेबांच्या वाड्याच्या दारात माझे वडील हयातभर पहाऱ्यावर उभे राहिले. मला शिकवायला तिथून कुणी दमडी दिली नाही. हजीरा वस्तीत दारोदार फेरी करून मी हे दुकान उभं केलं, आणि हे मला सांगणार, वाचून काय करणार! मी कागद ठेवून घेतला.

वाचला, आणि खरंच काही कळलं नाही. जुना करार उर्दू वळणाचा होता, तो निदान कानाला सवयीचा. हा नव्या सरकारी हिंदीत. सातवं कलम असं: "किरायेदार उक्त दुकान अथवा उसके किसी अंश का आधिपत्य, मालिक की लिखित अनुमति के बिना, किसी अन्य व्यक्ति को किसी भी रूप में हस्तांतरित नहीं करेगा, अन्यथा मालिक को दुकान रिक्त कराने का अधिकार होगा।" शेवटचं 'रिक्त' तेवढं समजलं. दुकान जाऊ शकतं, पण कशामुळे?

आमच्या गल्लीत कोर्टातले एक जुने पेशकार राहायचे. जन्मभर न्यायाधीशाच्या समोर कागद वाचून दाखवलेला माणूस. मी त्यांच्याकडे गेलो.

"पेशकारसाहेब, हे मला मराठीत लिहून द्या. मला कळेल अशा."

"तुम्हाला कळेल अशा? मग शिव्याही घालाव्या लागतील," म्हणाले, आणि बोरू काढला.

त्यांनी लिहिलं: 'दुकान किंवा दुकानाचा कुठलाही भाग दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये. द्यायचा असेल तर आधी मालकाला विचारावं आणि होकार लेखी घ्यावा. तसं केलं नाही तर मालक दुकान सोडायला लावू शकतो.'

"ताब्यात म्हणजे?" मी विचारलं. "पेंटर माझ्या ओट्यावर बसतो. तो ताबा झाला?"

"नुसता बसतो?"

"बसतो, रंगवतो, जातो."

"डबे, कुंचले कुठे ठेवतो?"

"आतल्या कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली कुणाकडे?"

"त्याच्याकडेच. रंग त्याचे."

पेशकारांनी बोरू खाली ठेवला. "मग गोंधळ आहे. तुमच्या सांगण्यावरून बसला तर तो तुमच्याकडे आलेला माणूस. पण दुकानातल्या एका जागेला त्याचंच कुलूप, तुम्हाला ती उघडता येत नाही, तर वकील म्हणेल, एवढा भाग तुम्ही त्याला दिला. कोर्ट मानेल न मानेल, पण त्यांच्या हातात कारण का द्यायचं?"

"एका कपाटासाठी दुकान जाणार?"

"जाईलच असं नाही म्हणत. भांडण लागेल म्हणतो."

माझं डोकं तापलं, पण धंद्याचं डोकं शाबूत होतं. मी म्हटलं, "मग असं लिहा की चूक झाली तर आधी महिनाभराची नोटीस द्यावी. आणि ओटा यात धरू नये."

"ते मूळ कलमात कुठे आहे?"

"नाही. पण तुम्ही सोपं करताय ना?"

"सोपं करतोय हो, नवं करत नाही. तो सौदा बाईसाहेबांशी करा." मग ते हसले. "खरं तर तुम्हाला एवढं करायचं कारणच नाही. दुसरं वाक्य वाचा. विचारा, लेखी होकार घ्या, झालं."

"त्या दारात मी काही मागायला जाणार नाही."

"मागायला नाही हो, कळवायला!"

"दोन्ही एकच."

त्यांनी मान हलवली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'कुणी दुकानात बसून काम केलं आणि सगळ्या किल्ल्या भाडेकऱ्याकडे असल्या, तर तो ताबा देणं समजू नये.' म्हणाले, "ही माझी समजूत आहे. नुसता हा कागद खिशात ठेवून उपयोग नाही. दोघांच्याही सह्या हव्यात, आणि करारात लिहायला हवं की सोबतचा खुलासा याच कराराचा भाग आहे. नाहीतर वेळ आली की छापलेलंच खरं."

मी घरी आलो तो हिशेब पक्का करून. सकाळी दुकान उघडलं आणि पेंटरला म्हटलं, "चाबी दे।"

"काहे की?"

"अलमारी की। आज से मेरे पास रहेगी।"

तो हातातला कुंचला पुसत म्हणाला, "मैंने कुछ चुराया है क्या?"

"करार की बात है। तू नहीं समझेगा।"

"समझाओगे तो समझूँगा।"

तेव्हा ट्रंका घेणारं गिऱ्हाईक समोर उभं, कारभारी येण्याचा दिवस, आणि हा प्रश्न विचारतोय. मी ओरडलो. त्याने किल्ली ओट्यावर ठेवली, डबे एका गोणीत भरले आणि समोरच्या चपलांच्या दुकानाबाहेर जाऊन बसला. अर्ध्या लिहिलेल्या ट्रंकेवर नुसतं 'भो' राहिलं.

कारभारी आले. खुलासा वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या. "मतलब सातव्या कलमात एवढं आहे?"

"तुम्हीच आणलंत ना!"

"मी आणतो. वाचतो वकील." ते मला वाड्यावर घेऊन गेले.

बाईसाहेब पडद्याआड होत्या. कारभाऱ्यांनी मराठी खुलासा मोठ्याने वाचला. आतून आवाज आला, "मग आमच्या दुकानात जो नावं लिहितो, त्याच्याबद्दल विचारायला का नाही आलात?"

मी म्हणालो, "तो आता बसत नाही."

"का? आमच्याही ट्रंका त्यानंच रंगवल्यात. लिहून द्या हो यांना परवानगी. आणि या खुलाशावर सही करते. एवढं सरळ होतं तर आधी का नाही असं लिहिलं?"

हे कुणाला विचारलं, मला की कारभाऱ्यांना, अजून ठाऊक नाही. करारात हाताने ओळ घातली गेली, सह्या झाल्या. दुकान राहिलं. बाहेर पडलो तेव्हा मी जिंकलो होतो, पण कुणाविरुद्ध ते कळेना. इतकी वर्षं ज्या दारावर मी दात खात होतो, त्याच दारातून न मागता मिळालं. आणि तेही मला झोंबलं.

मी परवानगीचा कागद घेऊन पेंटरकडे गेलो. "ले, मालकिन ने लिख के दिया। अब बैठ।"

"पढ़ के सुनाओ।"

मी तिथल्या तिथे हिंदी करून वाचला. माझ्या हिंदीतून तो कागद फार लहान झाला. त्याने शांतपणे ऐकलं.

"इसमें लिखा है कि मैं बैठ सकता हूँ," तो म्हणाला. "ये कहाँ लिखा है कि बैठूँगा?"

"चाबी भी तेरे पास रहेगी!"

"सुबह नहीं रह सकती थी, अब रह सकती है। सेठ, मेरी समझ में नहीं आता।"

खरं सांगायचं तर माझ्याही समजुतीत येत नव्हतं. पण ते मी त्याला का सांगू? मी म्हटलं, "बैठ उधर, चप्पलों में।" आणि परत आलो. गिऱ्हाइकं ट्रंक माझ्याकडून घेत आणि नाव लिहायला रस्ता ओलांडत. तिथून निघताना त्यांना एक-दोनदा चपलाही घेताना पाहिलं मी, आणि चपलावाल्याला जाऊन विचारलं, तुझ्या करारात सातवं कलम आहे का?

तो म्हणाला, "करार? वो क्या होता है?"