अर्ध्या तासाचे मालक

माझ्या अकोल्याच्या व्याह्यांसमोर एक अखंड वाक्य निर्धास्तपणे बोलून दाखवील असा मनुष्य आमच्या वऱ्हाडात जन्मला नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगावयास तयार आहे. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतरही त्यांची तपासणी चालूच राहिली. फरक इतकाच की, वह्यांच्या जागी माणसे आली. त्यांचा सिद्धांत असा की, जी गोष्ट हाताला लागत नाही तिच्याविषयी आपण हाताला लागणाऱ्या गोष्टीच्या भाषेत बोलतो, आणि बोलता बोलता तसेच वागूही लागतो. भाजीवाली 'तुमचं बोलणं मले पचत नाही' म्हणाली की, वांगी ठेवून ते तिला समजावीत: विचाराला आपण अन्न मानतो, म्हणून तो गळी उतरतो, चघळला जातो आणि कधी शिळाही होतो. माझ्या मुलाच्या लग्नात मानपानावरून मी कडाडलो, तेव्हा वधूपिता असूनही ते कौतुकाने मला न्याहाळत उभे होते. "आधी डोकं तापलं, मंग उकळलं, आता झाकन उडते," ते म्हणाले. "इवाई, राग म्हंजे भांड्यातलं आधन हाय. आच कोनं लावली, तेवढं पाहा." मला हसू आले, आणि एक सविस्तर लेखी निषेध कायमचा राहून गेला.

माझा स्वभाव वेगळा. न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य गेले. अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या घरातून नियम आणि पोटनियम यांसह रवाना झालेल्या पत्रांची पोच आजही फायलीत आहे. पुढे नापिकीच्या वर्षांत व्याह्यांच्या दर्यापूरकडच्या मूळ गावी येणारी सकाळची बस अकस्मात बंद झाली. कपाशी गेली होती, सोयाबीनही गेले होते, आणि घराघरांत काटकसरीची पहिली कात्री मुलींच्या शिक्षणावर चालत होती. अकरा मुली शाळेसाठी चिखल तुडवीत फाट्यापर्यंत जात. दिवाळीनंतर त्यांना घरी बसवायचे, असे बापांनी ठरवले. त्यांत व्याह्यांच्या पुतण्याची मुलगीही होती, वर्गात पहिली येणारी.

मी संबंधित आगाराला (नाव लिहीत नाही, अब्रूनुकसानीचा कायदा मी जाणतो) एकामागून एक तीन पत्रे पाठवली. त्यांत तिथल्या साहेबांच्या सबबींच्या चिंधड्या उडवल्या होत्या, त्यांना कोंडीत पकडले होते, आणि बिनशर्त माघारीची मागणी केली होती. उत्तर एका ओळीचे आले: कार्यालय आपल्या भूमिकेवर ठाम आहे. चौथ्या पत्राचा मसुदा व्याह्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"तुमी अर्जात तोफा लावून राहिले, इवाई. मंग सायेब किल्ल्याचे दरवाजे बंदच करन ना. वादाले लढाई समजलं की समोरच्याले दोनच रस्ते: लढा, नाहीतर हारा. बस सोडाचा रस्ता त्यात हायेच कुठं?"

संतापाने मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे आगारात गेलो. साहेब माझे नाव ऐकताच खुर्चीत ताठ झाले. गाडी गावात वळवली की रोज अर्धा तास वाया जातो, एवढे बोलून त्यांनी फाइल मिटली. मी दारूगोळ्याची पिशवी उघडणार, तोच व्याह्यांनी माझा हात दाबला.

"बरोबर हाय सायेब," ते म्हणाले. "वेळ वाया जाते, वाचते, खर्च होते, म्हंजे वेळ हे धन. मले मंजूर. पन धनाले मालक असते. हा अर्धा घंटा कोनाचा?"

"गाडीचा. प्रवाशांचा," साहेब म्हणाले.

"अन् अकरा पोरी कोन? त्याईचा रोजचा दीड घंटा तुमी न इचारता खर्चून राहिले. तो कोन्या रकान्यात लिवला?"

साहेबांनी वेळापत्रक मागवले. दोन डोकी त्यावर वाकली. "गुंता इथं आहे, मास्तर," साहेब थोड्या वेळाने म्हणाले. मी कान टवकारले. तासापूर्वी ठाम असलेल्या भूमिकेचा आता गुंता झाला होता. आणि गुंत्याला कोणी वेढा घालीत नाही, दोघे दोन टोके धरून बसतात. टोक सापडले ते दर्यापुरात: तीच गाडी तिथे पस्तीस मिनिटे नुसती उभी राहत असे. हरवलेला अर्धा तास मालकिणींना परत मिळाला.

सोमवारी बस वाजतगाजत गावात शिरली. चालकाला हार घातला, नारळ फुटला, आणि अकराही मुली आत चढल्या. जिंकलो, असे मी भर पारावर जाहीर केले. व्याह्यांनी मला बाजूला घेतले.

"हळू बोला. सायेब हारले असं त्याईच्या कानावर गेलं, तर उद्यापासून ते पुन्हा लढतीन."

दिवाळी झाली, तरी एकही मुलगी घरी बसली नाही. व्याह्यांच्या पुतण्याची मुलगी आता शिक्षिका आहे. बाकीच्याही आपापल्या वाटेने गेल्या, आणि सकाळच्या गाडीत हल्ली गर्दी नसते. व्याहीही गेले. महिन्यातून एकदा मी अमरावतीहून दर्यापूर गाठतो आणि त्या गाडीने गावापर्यंत जाऊन येतो. प्रवासी नाहीत असा शेरा कोणी मारू नये म्हणून. तिकिटे मी दोन काढतो. कोणत्या नियमान्वये, असे वाहकाने विचारले तर मला सांगता येणार नाही.